पाय दुखत नाहीत ना? मग रोज बघा

शुगर असलेल्या माणसाला घरात विचारतात, "पाय दुखतायत का?" तो "नाही" म्हणतो आणि विषय तिथंच संपतो. माझं स्पष्ट मत आहे, हा प्रश्नच चुकीचा आहे. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा खराब होतात आणि पाय बधिर होत जातो, सुरुवात बोटांपासून. अशा पायाला काटा टोचला तरी कळत नाही. म्हणून विचारू नका, बघा.

आमच्या तात्यांची तासगावकडं द्राक्षबाग आहे. छाटणीच्या दिवसांत तारेचा तुकडा चपलेतून वर आला आणि तात्या दिवसभर त्यावरच चालले. संध्याकाळी काकूला फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. अंगठ्याच्या मागं तळव्याच्या उंचवट्यावर भोक पडलं होतं, भोवतीची कातडी जाड, पांढरट. तात्या म्हणत होते, "काय झालंय तेवढं?" डॉक्टरांनी जखम साफ केली आणि बजावलं, या पायावर भार द्यायचा नाही. हेच सगळ्यात अवघड गेलं. दुखत नाही म्हटल्यावर माणूस चालतोच, आणि चाललं की जखम भरत नाही.

आता काकू रोज रात्री पाय धुऊन झाले की उजेडात बसवून बघते. तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या. वाकता येत नसेल, घरात कुणी नसेल, तर जमिनीवर आरसा ठेवून तळवा बघता येतो. फोड, चीर, लाली, काळपट डाग, ओलसर पांढरी बेचकी, काही नवं दिसतंय का ते बघायचं. दोन्ही पायांना हात लावायचा. एकच पाय गरम आणि सुजलेला लागला, तर जखम नसली तरी डॉक्टरांना दाखवायचं, आतल्या हाडांचं दुखणं असू शकतं. चप्पल-बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा.

बधिरपणा ओळखायची एक सोपी रीत आहे. तात्यांनी डोळे मिटायचे. काकूनं दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा 6 जागी बोटाचं टोक हलकेच एक-दोन सेकंद टेकवायचं. दाबायचं नाही, घासायचं नाही, पुन्हा करायचं नाही. 2 किंवा जास्त जागी कळलं नाही तर संवेदना गेली आहे असं धरून डॉक्टरांकडं जायचं. ही रोज करायची गरज नाही, अधूनमधून पुरे. आणि सगळं कळलं म्हणून रोजचं बघणं सोडायचं नाही.

माझी कळकळीची विनंती, कुरूप ब्लेडनं कापू नका, मेडिकलमधली कुरुपाची पट्टी लावू नका, तिच्यातलं औषध चांगली कातडीही जाळतं. गरम पाण्यात पाय बुडवून शेकू नका, भाजलेलं कळणार नाही. फोड आला तर फोडू नका, स्वच्छ कापडानं झाका. जखम, फोड, पू, वास किंवा काळेपणा दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, मग छाटणी चालू असो नाहीतर ऊसतोड. सोबत ताप आला किंवा लाली वर सरकायला लागली, तर रात्र असली तरी निघा.