अधिकार प्रदानाचं एक उत्तर आणि त्याचे आठ गुण

"कॉमर्सच्या थिअरीची उत्तरं कोणी वाचत नाही. दोन पानं भरा, शीर्षकांखाली रेघ मारा, मधे मधे पुस्तकी शब्द पेरा, शेवटी एका मोठ्या कंपनीचं नाव उदाहरण म्हणून टाका. झाले पूर्ण गुण! बाकी सगळं तपासणाऱ्याच्या मूडवर."

असा सल्ला विद्यार्थ्यांमध्ये फिरत असतो. मी वाणिज्याचे पेपर तपासते, म्हणून त्याला उत्तर देते. हवेत बोलण्यापेक्षा एकच प्रश्न घेऊ. "अधिकार प्रदान म्हणजे काय ते सांगून त्याचे घटक उदाहरणासह स्पष्ट करा." गुण 8. माझ्या हाती असलेली गुणांची विभागणी अशी धरू: व्याख्येला 1, अधिकार, जबाबदारी आणि उत्तरदायित्व या तीन घटकांना प्रत्येकी 1, उदाहरणाला 2 आणि मांडणीला 2. दुसरीकडे आकडे थोडे वेगळे असतील, पण तपासायचं काय ते फारसं बदलत नाही.

वाचण्याबद्दल

प्रत्येक ओळ सारख्या वेगाने वाचली जात नाही, हे खरं. तपासणारा आधी नमुना उत्तर डोक्यात पक्कं करतो आणि मग उत्तरपत्रिकेत विशिष्ट गोष्टी शोधतो. या प्रश्नात नजर थांबते ती दोन जागी. जबाबदारी आणि उत्तरदायित्व वेगवेगळी सांगितली आहेत का? आणि अधिकार दिल्यावर वरिष्ठाचं काय होतं, याबद्दल विद्यार्थी काय म्हणतो? ज्याला विषय कळलेला नाही तो नेमका इथे घसरतो. प्रस्तावनेच्या सहा ओळी भरभर जातात, कारण त्यांना गुणच नसतात. त्या भरभर गेल्या म्हणून उत्तर वाचलंच नाही, असा अर्थ काढणं चूक आहे.

शब्द पेरण्याबद्दल

सर्वाधिक नुकसान करणारा सल्ला हाच, म्हणून इथे जरा थांबते.

पारिभाषिक शब्दाला गुण मिळतो तो त्याने वाक्यात काम केलं तर. अधिकार म्हणजे सोपवलेलं काम करण्यासाठी निर्णय घेण्याचा, साधनं वापरण्याचा आणि हाताखालच्यांना सूचना देण्याचा हक्क. जबाबदारी म्हणजे ते काम पार पाडण्याचं बंधन. उत्तरदायित्व म्हणजे झालेल्या किंवा न झालेल्या कामाचा वरिष्ठाला जाब देण्याचं बंधन. अधिकार वरून खाली येतो, उत्तरदायित्व खालून वर जातं. आणि मुख्य मुद्दा असा की अधिकार दुसऱ्याला देता येतो, स्वतःचं उत्तरदायित्व देता येत नाही.

आता एक उत्तर पाहा. दोन पानं, चारही शीर्षकं रेघेसह. त्यात लिहिलंय: "जबाबदारी म्हणजे वरिष्ठाला कामाचा जाब देणे. उत्तरदायित्व म्हणजे दिलेले काम पूर्ण करण्याचे बंधन. अधिकार प्रदान केल्यावर वरिष्ठ उत्तरदायित्वातून मुक्त होतो." तिन्ही शब्द हजर आहेत, पेरणी चोख आहे. पण पहिल्या दोन वाक्यांत शब्दांची अदलाबदल झाली आहे. ही चूक मी एकदाच मोजते, दोन्ही जागी गुण कापत नाही, कारण गोंधळ एकच आहे. तिसऱ्या वाक्याला मात्र माफी नाही. तिथे नुसता शब्द चुकलेला नाही, संकल्पनाच उलटी झाली आहे. तेव्हा व्याख्येचा 1 आणि अधिकाराचा 1 राहतो, उरलेले दोन जातात. चारपैकी 2.

दुसरं उत्तर जेमतेम एका पानाचं. त्या मुलीला 'उत्तरदायित्व' हा शब्द आठवलाच नाही. तिने लिहिलं: "शाखाप्रमुखाला कामाचा हिशेब व्यवस्थापकाला द्यावा लागतो, पण म्हणून व्यवस्थापक सुटत नाही, त्याला संचालकांपुढे जाब द्यावाच लागतो." संज्ञा नाही, पण संज्ञेमागचं सगळं आहे. इथे 1 ऐवजी अर्धा गुण. पूर्ण का नाही? कारण प्रश्नाने घटक विचारले आहेत, आणि घटकाचं नाव हा उत्तराचाच भाग आहे. शून्य का नाही? कारण ज्याला अर्थ कळला त्याला शब्दासाठी पूर्ण बाद करणं अन्यायाचं आहे. बाकीचे तीन गुण तिला पूर्ण मिळतात. चारपैकी साडेतीन.

दोन पानांना 2, एका पानाला साडेतीन. हा फरक पानांनी पडला नाही, मूडनेही नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. पुस्तकातला शब्द जशाच्या तसा हवा, असा हट्ट चांगला परीक्षक धरत नाही. 'अधिकार सोपवणे' लिहिलं तरी चालतं. पण 'अधिकार प्रदान' आणि 'विकेंद्रीकरण' हे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पहिल्यात एक वरिष्ठ आपल्या हाताखालच्या माणसाला ठरावीक कामापुरता अधिकार देतो आणि तो परत घेऊ शकतो. दुसऱ्यात निर्णय घेण्याचे अधिकार पद्धतशीरपणे खालच्या स्तरांवर पसरवलेले असतात आणि ते संस्थेचं धोरण असतं. जवळचे शब्द आणि समानार्थी शब्द यांतला हा फरक कळला की शब्दांची निम्मी भीती जाते.

कंपनीच्या नावाबद्दल

पहिल्या उत्तरातलं उदाहरण असं होतं: "उदा. मोठमोठ्या कंपन्यांत अध्यक्ष आपले काम इतरांना वाटून देतात." इथे खऱ्या कंपनीचं नाव घातलं असतं तरी माझा निर्णय बदलला नसता. दोनपैकी शून्य.

माझी कसोटी साधी आहे. हे वाक्य उचलून 'श्रम विभागणी'च्या उत्तरात ठेवलं तर शोभतं का? शोभतं. 'संघटन'च्या उत्तरात? तिथेही शोभतं. जे कुठेही बसतं ते या मुद्द्याचं उदाहरण नसतं.

आता त्या मुलीचं उदाहरण. विक्री व्यवस्थापकाने शाखाप्रमुखाला सांगितलं की महिनाअखेर जुना माल संपवायचा. त्यासाठी 10 टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा दिली आणि दर आठवड्याला अहवाल मागितला. यात सवलतीची मुभा म्हणजे अधिकार, माल संपवण्याचं काम म्हणजे जबाबदारी आणि अहवाल म्हणजे उत्तरदायित्वाची वाट. तिन्ही घटकांना उदाहरणात आपापली जागा आहे. शिवाय तिने पुढे लिहिलं की प्रत्येक सवलतीसाठी वर विचारावं लागलं असतं, तर माल पडून राहिला असता आणि दोष मात्र शाखाप्रमुखावर आला असता. अधिकाराविना जबाबदारी दिली की काय होतं ते या एका वाक्यात आलं. दोनपैकी 2, आणि ते देताना मला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

उदाहरण काल्पनिक असलं तरी चालतं का, असं मुलं विचारतात. चालतं. कंपनीचं खरं नाव घालून चुकीची माहिती लिहिण्यापेक्षा काल्पनिक पण नेमकं उदाहरण केव्हाही बरं. एक सापळा मात्र आहे. "संस्थेने सर्व शाखांना खरेदी, भरती आणि किमतींचे निर्णय धोरण म्हणून कायमचे दिले" हे उदाहरण तपशिलाने भरलेलं असलं तरी ते विकेंद्रीकरणाचं आहे. त्याला इथे गुण नाहीत. पण त्यासाठी मी घटकांच्या गुणांना हात लावत नाही. उदाहरण चुकलं म्हणजे व्याख्या चुकली असं होत नाही, आणि हे दोन हिशेब वेगळे ठेवणं हे परीक्षकाचं कर्तव्य आहे.

रेघा आणि शीर्षकांबद्दल

रेघेला गुण नसतो. मांडणीचे 2 गुण तीन गोष्टी पाहून देते: मुद्द्यांचा क्रम प्रश्नाच्या क्रमाला धरून आहे का, एका परिच्छेदात एकच मुद्दा आहे का, आणि शीर्षक जे सांगतं तेच खाली आहे का. प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वाचून उत्तराचा सांगाडा दिसला पाहिजे. उलट, रेघ मारलेलं शीर्षक तपासणाऱ्याला नेमकं तिथे थांबवतं. खाली काही नसेल तर ती पोकळी अधिक लवकर दिसते.

पहिल्या उत्तरात शीर्षकं नीट होती, पण शेवटचं अर्धं पान व्याख्याच फिरवून सांगत होतं. 1 गुण. दुसऱ्यात क्रम बरोबर होता, पण तिन्ही घटक एकाच परिच्छेदात कोंबले होते. तिलाही 1. बेरीज केली तर पहिल्याला आठपैकी 3, दुसरीला साडेसहा.

मूडबद्दल

हा आरोप मी उडवून लावणार नाही, कारण त्यामागे तथ्य आहे. 1912 मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या संशोधकांनी इंग्रजीची तीच उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांकडून तपासून घेतली, तेव्हा गुणांत फार मोठी तफावत निघाली. भाषेत असं होणारच, असं कोणी म्हणेल म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका घेतली. तिथेही तेच झालं. सुंदर अक्षर किंवा चांगलं पहिलं उत्तर पाहून पुढच्या उत्तरांना झुकतं माप मिळतं, हेही घडतं.

म्हणूनच तर गुण असे फोडून द्यायचे असतात. आठपैकी एकदम आकडा टाकला की मूड शिरायला जागा मिळते. "उत्तरदायित्व सांगितलं की नाही" एवढंच ठरवायचं असेल तर जागा फार कमी उरते. तपासणी सुरू होण्याआधी सगळ्या परीक्षकांनी त्याच काही उत्तरपत्रिका तपासून गुण जुळवून पाहणं, आणि एका विद्यार्थ्याचा सगळा पेपर सलग तपासण्याऐवजी सगळ्यांचा एकच प्रश्न आधी तपासणं, हे दोन उपाय खरोखर उपयोगी पडतात. एवढं करूनही अर्ध्या-एका गुणाचा फरक राहतोच, विशेषतः मांडणीत. पण 3 आणि साडेसहा यांतलं अंतर त्यातून निघत नाही.

तपासलेली उत्तरपत्रिका परत हाती पडली, तर एकूण गुणांवरून वाद घालू नका. कोणत्या घटकाला किती गुण मिळाले ते विचारा. त्याचं उत्तर परीक्षकाला देता आलं पाहिजे, आणि नाही देता आलं तर फेरतपासणी मागण्याचा तुमचा आग्रह रास्त आहे.