अर्धा तास फिरणे आणि पाच तास निंदण

"मी रोज सकाळी अर्धा तास फिरतो तरी वजन हलत नाही, आणि शेतात काम करणारी, पण कधीही व्यायाम न करणारी माझी आई मात्र सडपातळ, हे कसे?"

60 किलो वजनाचा माणूस अर्धा तास झपझप चालला, तर नुसते बसून राहण्यापेक्षा त्याचे सुमारे 80 किलोकॅलरी जास्त खर्च होतात. तेवढ्याच वजनाची बाई पाच तास कपाशीत निंदण करते, तेव्हा हा जादा खर्च 600 च्या आसपास जातो, आणि पाणी भरणे, झाडलोट, गोठ्यातले शेण काढणे यात धरलेलेच नाही.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या जेम्स लेव्हिन यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 16 जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा 1000 किलोकॅलरी जास्त खाऊ घातले होते. कुणाची चरबी अर्धा किलोही वाढली नाही, तर कुणाची चार किलोंहून अधिक वाढली. ज्यांची कमी वाढली, त्यांची व्यायामाखेरीजची हालचाल नकळत वाढली होती.

नुसत्या उभे राहण्याकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नये, कारण बसण्याच्या तुलनेत त्याने तासाला जेमतेम 10 किलोकॅलरी वाढतात (दिवसभर काउंटरवर उभ्या असलेल्या दुकानदारांची सुटलेली पोटे आपण पाहतोच). शिवाय उन्हाळ्यात वावर रिकामे झाले, की शेतातल्या माणसाचाही खर्च घटतो आणि भाकरी मात्र तेवढ्याच राहतात. आईचे वजन वेचणीच्या दिवसांत आणि मे महिन्यात असे दोनदा करून पाहिल्यास हा फरक कदाचित काट्यावरही दिसेल.