वीतभर पाण्याचा हिशेब

«सक्शनवर वीतभर पाणी असलं की बास. तरी मोटार हवा घेत असेल तर पाइपाचा जोड लीक आहे. भोवरा पृथ्वीच्या फिरण्याने पडतो, त्याला इलाज नाही. पाइप तळाला टेकवा, शेवटच्या थेंबापर्यंत पाणी उचलेल.»

गेल्या उन्हाळ्यात अंबड तालुक्यातल्या एका मोसंबीच्या बागेत हाच मेसेज मला दाखवला गेला. दोन विहिरींचं पाणी सहा बाय सहा फुटांच्या हौदात पडायचं आणि हौदावरची सेल्फ-प्रायमिंग मोटार ते चढावर ढकलायची. फूटव्हॉल्व्ह नव्हता, चार इंची पाइपाचं तोंड तसंच मोकळं. तोंडावर हातभर, म्हणजे 45 सेंटिमीटर पाणी असतानाच खळखळ सुरू व्हायची, अॅम्पिअरचा काटा 11 वरून 8 वर येऊन परत चढायचा. मेसेज वाचून मालकांनी दोनदा सगळे जोड उघडून नवे वायसर घातले होते.

जोड लीक असू शकतो, नाही असं नाही. पाणी खाली गेलं की सक्शनची ओढ वाढते, त्यामुळे लीकही तेव्हाच जास्त जाणवतो. म्हणून नुसतं 'पाणी कमी झालं की होतं' यावरून निदान करू नये. जोडाला साबणाचा फेस लावा. तो आत ओढला गेला तर लीक. इथे फेस जागचा हलला नाही. मग एका फळीला पाइपाएवढी खाच पाडून ती पाइपाला बिलगून पाण्यावर तरंगत सोडली. मिनिटभरात काटा 11 वर थांबला. फळीने पाण्याचा वरचा थर फिरायचा थांबवला, त्यासरशी भोवऱ्याची नळी तुटली. चूक जोडाची नव्हतीच.

आता वीतभर पाण्याचं. किती खोली लागते हे पाणी तोंडातून किती वेगाने आत शिरतं त्यावर ठरतं. पंप बसवणारे इंजिनिअर हे सूत्र वापरतात:

```
S = D × (1 + 2.3 × V / √(g × D))
```

D म्हणजे तोंडाचा व्यास, V म्हणजे तिथला वेग, g म्हणजे 9.81 आणि S म्हणजे तोंडावर लागणारं किमान पाणी, सगळं मीटर-सेकंदात. दोनशे लिटरचं बॅरल तेरा सेकंदांत भरत होतं, म्हणजे सेकंदाला साधारण 15 लिटर. चार इंची तोंडात वेग 1.9 मीटर येतो आणि S निघतो 54 सेंटिमीटर. हातभर पाणीही कमीच पडत होतं, वीतभराची गोष्टच सोडा.

हौद खोल करायची गरज नाही, तोंड मोठं करा. वेल्डरकडून पत्र्याचं आठ इंची नरसाळं करून पाइपाला जोडलं. वेग अर्ध्या मीटरच्या आत आला आणि तेच सूत्र 36 सेंटिमीटर सांगायला लागलं. मात्र पाणी तोंडाकडे सरळ, शांत येत असेल तरच हा आकडा खरा.

ते शांत नव्हतं, आणि पृथ्वीचा त्यात काही हात नाही. पृथ्वी दिवसाला एक फेरी मारते. एवढ्याशा हौदात त्याचा परिणाम शून्याला लागून. इथे विहिरींचा पाइप एका कोपऱ्यातून भिंतीला घासून पाणी सोडत होता, तेही तीन फुटांवरून. त्याने अख्खा हौद गरगर फिरायचा, आणि वरून कोसळणारं पाणी बुडबुडेही सोबत आणायचं. आम्ही एल्बो लावून ते तोंड पाण्याखाली नेलं आणि हौदाच्या मध्ये जागोजाग फटी सोडून विटांची आडवी भिंत घातली. फटींतून पाणी सारखं वाटून पलीकडे जातं, फिरणं अलीकडेच संपतं. सक्शन आधी हौदाच्या मधोमध होतं, म्हणजे भोवऱ्याला चारी बाजूंनी फिरायला मोकळं रान. ते समोरच्या भिंतीकडे सरकवलं, नरसाळ्याची कड भिंतीपासून 5 सेंटिमीटरवर.

तळाला टेकवायचा सल्ला सगळ्यांत घातक. टेकवलं की पाणी शिरायला वाट चिंचोळी होते, वेग वाढतो, गाळ ओढला जातो. शिवाय तळापासूनही भोवरा उठतो. तो वरून दिसत नाही, पण पंपात खडे फिरल्यासारखा आवाज येतो. तोंड आणि तळ यांच्यात व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत जागा हवी. आम्ही 10 सेंटिमीटर ठेवली आणि गाळ दर महिन्याला काढायचा ठरलं, कारण गाळ चढला की ही जागाच उरत नाही.

म्हणजे तळाचं काही पाणी हौदातच राहणार. मालकांना ते पटायला वेळ लागला. मे महिन्यात अंबडला हौदात पाणी सोडून मोटार बंद करा म्हणणं सोपं नाही. शेवटी फ्लोट स्विच नरसाळ्याच्या कडेच्या वर 45 सेंटिमीटरवर लावला: 36 हिशेबाचे, बाकी आमच्या विटांच्या भिंतीवर फार विश्वास नको म्हणून.