घड्याळाचा डाव: चौथा राजा आणि तेरावा हिस्सा

«काय ओ सर, घड्याळाचा डाव बरोबर तेरात एकदा सुटतो म्हणून ठोकून दिलंय तुम्ही. पाचाच्या गठ्ठ्यात तळाला पंजीच असली तर डाव आधीच मेला. पाचाच्या तळाला नव्वी आणि नवाच्या तळाला पंजी असली तरी तेच. असले फास न मोजता तेरावा हिस्सा कुठनं काढला?» (निपाणीहून एक वाचक)

फास तुम्ही बरोबर पकडलेत. या डावात बावन्न पत्ते चार-चारांच्या तेरा झाकलेल्या गठ्ठ्यांत मांडतात, बारा घड्याळाच्या आकड्यांसारखे गोल आणि तेरावा राजांचा मध्ये. मधला वरचा पत्ता उघडून तो आपल्या आकड्याच्या गठ्ठ्याखाली सरकवायचा, मग तिथला वरचा झाकलेला पत्ता उघडायचा, असं करत सगळे पत्ते उघडले की डाव सुटला. पाचाच्या गठ्ठ्याचा तळ उघडायला तिथं चौथ्यांदा जावं लागतं, म्हणजे चारही पंज्या आधी निघायला हव्यात. आणि एक तर तळालाच बसलेली! पण ते मोजायची गरज पडत नाही, कारण डाव अडतो तो एकाच जागी.

पाचाकडे आपण जातो ते पंजी निघाल्यावरच. पंज्या चार, पत्तेही चार, त्यामुळं तिथं गेल्यावर गठ्ठा रिकामा असं कधीच होत नाही. मधला राजांचा गठ्ठा तेवढा वेगळा. पहिला पत्ता आपण तिथनं फुकट उचललेला असतो, म्हणून चौथा राजा निघाला की मध्ये काहीच उरलेलं नसतं. डाव थांबतो तो नेहमी चौथ्या राजावरच, आणि तो राजा बावन्नावा पत्ता असला तरच सुटतो.

आता डाव अडल्यावरही उरलेले पत्ते एकापासून बारापर्यंत ओळीनं उघडत जा. पुढचा गठ्ठा कुठला हे उघड्या पत्त्यांवरनंच ठरतं, झाकलेल्यांतलं काही न बघता. त्यामुळं झाकलेले पत्ते पिसलेलेच राहतात, आणि बावन्नावा पत्ता बावन्नांपैकी कुठलाही तेवढ्याच शक्यतेनं असतो. तो राजा असण्याची शक्यता 4/52, म्हणजे 1/13. अडलेल्या डावात चारही राजे आधीच निघालेले असतात, तेव्हा तिथं शेवटी राजा येऊच शकत नाही.

तरी तुमच्या पद्धतीनं मोजूनच बघायचं तर सहा पत्ते घ्या: दोन राजे, दोन एक्के, दोन दुर्र्या. गठ्ठे तीन, प्रत्येकी दोन पत्ते. एक्क्याच्या आणि दुर्रीच्या गठ्ठ्याच्या तळाला मिळून 6 × 5 = 30 जोड्या येऊ शकतात. दोन्हीकडे राजा: 2. एक्क्याकडे राजा, दुर्रीकडे एक्का: 4. एक्क्याकडे दुर्री, दुर्रीकडे राजा: 4. या दहाच फासाविना, बाकी वीस अडणाऱ्या. तीसात दहा, म्हणजे तीनात एक, गठ्ठेही तीनच.

आमच्या खानापूरकडं चौथा राजा निघाला की तो एखाद्या झाकलेल्या पत्त्याशी एकदा बदलून घेणारे आहेत. त्यांचा डाव जास्त वेळा सुटणारच, तो हिशेब वेगळा. शिवाय सुटलेल्या डावानंतर गठ्ठ्यांत चार-चार सारखे पत्ते जमलेले असतात. ते उचलून दोनदाच पिसले तर जुनी जुळणी पुरती मोडत नाही, आणि मग तेरावा हिस्साही धरता येत नाही.