कर्जातून नाव काढायचे आहे? मग घटस्फोटाच्या हुकुमाची वाट पाहू नका

गृहकर्ज विभागात मी बरीच वर्षे काढली आणि आता निवृत्त आहे, त्यामुळे नात्यातले लोक अशा बाबतीत मलाच फोन करतात. गेल्या वर्षी भाचीचा फोन आला. संमतीने घटस्फोट झाला होता, फ्लॅट तिच्याकडे राहील आणि उरलेले कर्ज तीच फेडेल असे संमतीच्या अटींत स्वच्छ लिहिले होते, आणि ती हुकुमाची प्रमाणित प्रत घेऊन "आता त्यांचे नाव कमी करा" असा अर्ज द्यायला बँकेत गेली होती. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने प्रत चाळली आणि "हे तुमच्या दोघांतले आहे, मॅडम" असे म्हणून परत दिली. भाची चिडली होती. त्या अधिकाऱ्याचे बोलणे कोरडे होते हे खरे, पण ते कायद्याला धरून होते, हे मला तिला सांगावे लागले.

भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम ४३ प्रमाणे, दोघांनी मिळून दिलेले वचन पूर्ण करून घेण्यासाठी धनको दोघांपैकी कोणालाही पूर्ण रकमेसाठी धरू शकतो. कुटुंब न्यायालयापुढे पती-पत्नी उभे होते, बँक नव्हती. म्हणून त्या हुकुमाने बँकेचा हा हक्क कमी होत नाही. भाचीने हप्ते थकवले तर बँक माजी पतीकडे जाणार, आणि नंतर तो संमतीच्या अटींच्या आधारे तिच्याकडून वसूल करू शकणार, एवढाच त्या अटींचा उपयोग. तोवर त्याच्या सिबिल अहवालात संपूर्ण कर्ज दिसत राहते, आणि त्याला स्वतःसाठी दुसरे घर घ्यायचे असेल तर हे कर्ज आड येते. म्हणजे नाव काढण्याची घाई खरे तर दोन्ही बाजूंना असते, फक्त ती एकाच वेळी जाणवत नाही.

"नाव कमी करणे" हा शब्दच दिशाभूल करणारा आहे, असे माझे मत आहे. रेशनकार्डावरून नाव कमी करावे तसे हे होत नाही. बँक जुन्या करारातून एका माणसाला मोकळे करते तेव्हा ती उरलेल्या माणसाला एकट्याच्या पगारावर नव्याने कर्ज देत असते, आणि म्हणून तीन महिन्यांच्या पगारपत्रकांपासून फॉर्म १६ पर्यंत सगळी तपासणी पुन्हा होते. भाचीचे आकडे सांगतो. उरलेले कर्ज ३२ लाख, मुदत १५ वर्षे, व्याज साडेआठ टक्के, म्हणजे हप्ता सुमारे ३१,५०० रुपये. तिच्या हातात येणारा पगार ६२,००० आणि गाडीच्या कर्जाचा हप्ता ९,०००. सर्व हप्ते मिळून पगाराच्या निम्म्यापर्यंत असावेत असे त्या बँकेचे धोरण होते, म्हणजे मर्यादा ३१,०००. गाडीचा हप्ता वजा केल्यावर घरासाठी उरतात २२,०००. असा अर्ज मी स्वतः खुर्चीवर असतो तरी मंजूर केला नसता.

मग आम्ही दोन गोष्टी केल्या. मुदतठेव मोडून गाडीचे कर्ज बंद केले, आणि घराच्या कर्जाची मुदत २० वर्षे करून मागितली. हप्ता २७,८०० च्या आसपास आला, तो मर्यादेत बसला; तिचे वय ३८, म्हणजे निवृत्तीच्या आत कर्ज संपते. व्याज एकूण जास्त जाईल हे दिसत होते, पण आधी नाव मोकळे होऊ द्यावे आणि पुढे जमेल तशी जादा रक्कम भरावी असे ठरले. एवढे करूनही आपल्या बँकेने नकार दिलाच असता तर दुसऱ्या बँकेत एकटीच्या नावावर कर्ज हलवण्याची वाट होती. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही.

खरा गुंता मात्र घराच्या मालकीचा निघाला. करारनाम्यावर दोघांची नावे असतील तर सर्व सहमालकांनी कर्जदार असावे असा बँकांचा आग्रह असतो, त्यामुळे मालकीतून नाव गेल्याशिवाय कर्जातून जात नाही. बँक म्हणते आधी दस्त आणा, पती म्हणतो आधी कर्जातून सोडवा, मग सही करतो. यावरचा उपाय म्हणजे बँकेकडून अटीसह मंजुरीपत्र घेणे. दस्ताचा मसुदा बँकेच्या पॅनलवरच्या वकिलाकडून तपासून घ्यायचा, बँकेचे ना-हरकत पत्र जोडायचे, दुय्यम निबंधकांकडे नोंदणी करायची आणि लगेच बँकेत जाऊन पुरवणी करारावर सह्या करून नोंदलेला मूळ दस्त तिथे जमा करायचा. मधे आठवडे जाऊ दिले तर कोणीतरी मन बदलते. हे मी अनेकदा पाहिले आहे.

आता दस्ताचा प्रकार. लोक सरसकट "हक्कसोडपत्र" म्हणतात, पण महाराष्ट्रात त्याचे नाममात्र मुद्रांक शुल्क वडिलोपार्जित मिळकतीपुरते आहे. दोघांनी विकत घेतलेल्या फ्लॅटला ते लागू होत नाही. पती-पत्नीमध्ये राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मात्र मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, शहराच्या हद्दीतला स्थानिक अधिभार वेगळा. अट एवढीच की मोबदला दिलेला नसावा; निम्मा हिस्सा पैसे देऊन घेतला असेल तर त्याला बक्षीस म्हणता येत नाही. आणि ही सवलत "पत्नी"ला आहे, "माजी पत्नी"ला नाही. भाचीच्या पतीने हिस्सा विनामोबदला सोडला होता, तरी घटस्फोट आधीच झालेला असल्यामुळे निम्म्या हिश्श्याच्या ३० लाख किमतीवर खरेदीखताच्या दराने सुमारे दोन लाख रुपये भरावे लागले. नोंदणीच्या दिवशी दोघे एका बाकाच्या दोन टोकांना बसले होते, आणि संगणकापुढे अंगठा द्यायला एकामागून एक उठले. सहा महिने आधी हेच झाले असते तर त्यातले बहुतेक पैसे वाचले असते.

हिंदू विवाह अधिनियमात संमतीच्या घटस्फोटासाठी दोन अर्जांमध्ये सहसा सहा महिन्यांचे अंतर असते. न्यायालय ते माफही करू शकते. हाच काळ या कामाचा आहे. पहिला अर्ज झाला की बँकेत अर्ज द्यावा, मंजुरीपत्र आणि दस्त दुसऱ्या अर्जाच्या तारखेच्या आत करून घ्यावेत, आणि बँकेने नकार दिला तर घर विकायचे की काय करायचे तेही अटींत लिहून घ्यावे. अर्ज लेखी देऊन पोच घ्यावी. बँका नकार बहुधा तोंडीच देतात, आणि माझी माझ्याच जुन्या व्यवसायावरची ही सर्वांत मोठी तक्रार आहे. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, पण कर्ज मंजूर करावे की नाही या बँकेच्या व्यावसायिक निर्णयात लोकपाल हात घालत नाही.

सहकर्जदाराचा मृत्यू झाला असेल तर क्रम वेगळा आहे. मृत्युदाखला देण्याआधी हप्ता कोणाच्या खात्यातून जातो ते पाहावे, कारण खाते गोठले की हप्ता परत जातो आणि थकबाकी हयात कर्जदाराच्या नावावर लागते. कर्जासोबत विमा उतरवला होता का, हे मंजुरीपत्रात शोधावे. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या हिश्श्यात पत्नी, प्रत्येक मूल आणि आई समान वारस असतात. सासूबाईंना विसरून केलेला अर्ज मी अनेकदा परत पाठवला आहे. वारसांत अल्पवयीन मूल असेल तर त्याच्या वतीने आईला हक्क सोडता येत नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. अशा वेळी घर एकटीच्या नावावर करण्याचा हट्ट न धरता मुलाचा हिस्सा तसाच ठेवून कर्ज आपल्या पगारावर चालू ठेवण्याची विनंती करावी; बहुतेक बँका ती ऐकतात.