साडीखाली सपाट चप्पल : एका प्रतिक्रियेला उत्तर

«साडीवर सपाट चप्पल घाला, असे तुम्ही लिहिले आहे. मी तसेच केले आणि पाच तास उभी राहिल्यावर टाचा अशा ठणकू लागल्या की दुसऱ्या दिवशी पाय टेकवत नव्हता. उलट स्कर्टवर उंच टाच तुम्ही चालवून घेता. हे उलटेच नाही का?»

आपली तक्रार रास्त आहे आणि दोष माझ्या शब्दाचा आहे. ‘सपाट’ म्हणताना माझ्या मनात पातळ तळाची चप्पल नव्हती, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तीच येणार, हे मी ओळखायला हवे होते. कठीण फरशीवर पातळ तळाच्या चपलेत उभे राहिले की टाचेच्या हाडाखाली मऊपणा असा काही उरत नाही. आपल्या टाचा ठणकण्याचे कारण बहुधा तेच असावे. मला म्हणायचे होते ते असे, की टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक कमी असावा. मागे पाच सेंटिमीटर आणि पुढे तीन सेंटिमीटर जाडीचा सलग तळ असलेली वेज सँडल दिसायला उंच असते, पण पायाला जाणवणारा उतार दोनच सेंटिमीटरचा असतो, त्यामुळे चवड्यावर फारसा जादा भार येत नाही आणि टाचेखाली जाड तळही मिळतो.

स्कर्टला मी सवलत देते, त्याचे कारण पायात नसून कपड्याच्या काठात आहे. साडी नेसताना काठ जमिनीपासून किती वर राहील, हे पायातल्या पादत्राणावर ठरते, आणि एकदा निऱ्या खोचल्या की ते माप बांधले जाते. गुडघ्यापर्यंतच्या स्कर्टचे तसे नाही. त्याची कड जमिनीच्या आसपासही नसते, म्हणून दोन तासांनी बूट बदलले तरी काही बिघडत नाही. घोट्याखाली उतरणारा स्कर्ट मात्र या बाबतीत साडीच्याच पंक्तीत बसतो, किंबहुना थोडा अधिक अडचणीचा, कारण साडी निदान पुन्हा नेसता तरी येते.

हे मी स्वतः अडखळून शिकले. एका कार्यक्रमात नोंदणीच्या टेबलाशी दिवसभर उभे राहायचे होते. सहा सेंटिमीटर टाचेची सँडल घालून मी साडी नेसले आणि पाय दुखले तर बदलता येईल म्हणून पिशवीत साधी चप्पल ठेवली. तिसऱ्या तासाला चवडे जळू लागले, तेव्हा ती चढवली. त्याबरोबर पुढच्या निऱ्या जमिनीला टेकल्या आणि चपलेचे टोक प्रत्येक पावलाला फॉलमध्ये अडकू लागले. कमरेशी थोडी साडी वर ओढून खोचली, तर निऱ्यांची घडीच फुगून बाहेर आली, आणि उरलेला दिवस मी एका हाताने निऱ्या धरून दुसऱ्या हाताने नावे लिहीत काढला. पायांना विसावा मिळाला खरा, पण मान आणि पाठ त्याहून अधिक दुखली.

तेव्हापासून साडीसाठी एकच जोड निवडायचा आणि साडी नेसण्याआधी तो पायात चढवायचा, असा माझा क्रम आहे. बदलाची सोय ठेवायचीच असेल, तर दुसऱ्या जोडाचा तळ पुढे आणि मागे पहिल्याइतकाच जाड हवा. शिवाय मागे पट्टा असावा, कारण मागून मोकळ्या चपलेत पाय टिकवण्यासाठी बोटे नकळत आवळली जातात आणि तासन्‌तास ती आवळलेलीच राहतात. पट्ट्याचे बक्कल शक्यतो गुळगुळीत असावे. खड्यांचे आणि टोकदार कडांचे काम परकराच्या लेसमध्ये किंवा फॉलच्या टाक्यात अडकते, आणि काय अडले आहे हे साडीखाली दिसतही नाही. उभे राहून पाय सुजतात, म्हणून बक्कल घरी घट्ट बसत असले तरी पट्टा सैल करायला एक भोक शिल्लक असलेले बरे.

आपली चप्पल पुन्हा वापरण्याजोगी आहे का, हे पाहायचे असेल तर तिचे दोन्ही टोक धरून वाकवून पाहा. चवड्याच्या जागी वाकली तर ठीक. मधोमध दुमडली तर पायाच्या कमानीला तिचा आधार नाही. मग टाचेच्या जागी अंगठ्याने जोर द्या. खालचा कठीण थर लगेच लागला, तर घरी ती घालून फरशीवर वीस मिनिटे न हलता उभ्या राहा. तेवढ्यातच टाच बोलू लागली, तर पुढच्या कार्यक्रमाला ती नेऊ नका, मग साडीशी तिचा रंग कितीही जुळो.

स्कर्टवर मी उंच टाच ‘चालवून घेते’ असे आपण म्हणता, तेथे एक अट मी लिहायला विसरले होते, ती आता मूळ लेखात घातली आहे : बदलायचा जोड सोबत असेल तरच, आणि तो पाय दुखू लागण्याआधी घालायचा. एकदा चवडे जळू लागले, की मऊ बुटातही ते लवकर निवत नाहीत.