बंद केलेला व्यवसाय रेझ्युमेवर लिहायचा तो असा

«बंद केलेला व्यवसाय रेझ्युमेवर खरा तसा लिहा, हा सल्ला वाचायला बरा आहे. प्रत्यक्षात 'मालक' दिसलं की एचआरवाले रेझ्युमे बाजूला ठेवतात. माझ्या भावाने मित्राच्या फर्ममधून मॅनेजर म्हणून अनुभवपत्र घेतलं, तर लगेच बोलावणी यायला लागली. लोकांना भाबडे सल्ले देऊ नका.»

नमस्कार. बोलावणी येतील, पण त्यानंतर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन असतं आणि तुमच्या भावाची काळजी वाटते ती तिथे. सॅलरी स्लिप, फॉर्म १६, निदान खात्यात जमा झालेला पगार तरी मागतात. मित्राकडे वीसपेक्षा कमी माणसं असतील तर पीएफ नव्हता हे पटेलही. पण त्या वर्षांचं आयटी रिटर्न धंद्याचं उत्पन्न दाखवून भरलेलं असणार. ते मागितलं की पत्र खोटं ठरतं, आणि तोवर माणूस रुजू झालेला असला तरी नोकरी जाते.

'मालक' शब्दाबद्दल मात्र तुम्ही बरोबर आहात. त्यातून माणूस नेमकं काय करत होता हे कळत नाही. समजा, चाकणला एकाचा खोक्यांचा कारखाना होता, नऊ कामगार, आणि आता त्याला एखाद्या कंपनीत खरेदी विभागात जायचंय. त्याने 'प्रोप्रायटर – खरेदी व उत्पादन' असं लिहावं, पुढे व्यवसायाचं नाव, गाव, सुरू-बंद झाल्याचा महिना. 'सर्व कामकाज सांभाळले' हे वाक्य काढून टाकावं. त्याऐवजी: 'दरमहा १८ ते २० टन क्राफ्ट पेपरची खरेदी; तीन पुरवठादारांकडून दर घेणे; कागदाचा जीएसएम व बीएफ, म्हणजे वजन व मजबुती, तपासून माल घेणे किंवा परत पाठवणे; ३० दिवसांची उधारी ठरवणे.' खरेदी विभागाच्या मॅनेजरला यात आपलं रोजचं काम दिसतं. हाच माणूस डिस्पॅचच्या जागेला अर्ज करणार असेल तर कागदाच्या ओळी खाली जातील आणि गाड्या, ई-वे बिलं, वेळेवर पोहोचलेल्या ऑर्डरी वर येतील. रेफरन्स म्हणून जुना साहेब नसतो, तर ज्याच्याकडून कागद घेतला तो डीलर आणि ज्याला खोकी दिली त्या कंपनीचा परचेस ऑफिसर, अशी दोन नावं त्यांना विचारून द्यावीत.

आता कंपनीची खरी शंका: हा चार महिन्यांत परत धंद्याकडे वळला तर? त्यावर भाषण नको, एक ओळ पुरते: 'मुख्य ग्राहकाने खरेदी थांबवल्यामुळे देणी चुकती करून व्यवसाय बंद; जीएसटी नोंदणी ऑगस्ट २०२३ मध्ये रद्द.' अर्थात देणी खरोखर चुकती असतील तरच. मुलाखतीला जाताना रद्द केल्याचा आदेश, म्हणजे GST REG-19, सोबत ठेवावा.

एक गोष्ट भावाला आजच तपासायला सांगा. नुसतं शटर ओढून रिटर्न भरणं थांबवलं असेल तर नोंदणी अजून चालू असेल, किंवा अधिकाऱ्याने स्वतःहून रद्द केली असेल. जीएसटी नंबर टाकला की पोर्टलवर ही स्थिती कोणालाही दिसते. चालू असेल तर राहिलेली रिटर्न भरून रद्द करण्याचा अर्ज द्यावा, आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचं रिटर्न GSTR-10 भरावं.